लाडाचं नाव

मुलीच्या शाळेने मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेवर, पालकांसाठी इन्स्टाग्रामवर टाकायला सात स्लाइड्स मागितल्या, तेव्हा मीच हौसेने हात वर केला. कंपनीत डिझाइनचंच काम करते, म्हणून अंगात आलं होतं. शाळेच्या समुपदेशक बाईंनी एकच बजावलं होतं, "घाबरवू नका, शांतपणे सांगा."

रविवारी कोलकात्यात, आमच्या बालीगंजच्या फ्लॅटमध्ये जेवता जेवता मी शेवटचा हात फिरवत होते. 'जेवताना फोन बाजूला' ही स्लाइड डाव्या हाताने पुढे ढकलली आणि नववीतल्या लेकीला म्हटलं, "बघ गं, कसं झालंय."

'अकाउंट प्रायव्हेट ठेवा' इथे ती थांबली.

"माझं आहे. तुझं?"

माझं सगळ्यांना उघडं होतं. बदलीमुळे आम्ही इकडे आलो. नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांना लेक दिसावी म्हणून मी तिचे फोटो टाकायचे. गणवेशातले, नाचाच्या क्लासच्या दारातले. खाली तिला टॅग करून तिचं लाडाचं नाव, मराठीत. इथे कोण वाचतंय, असं मला वाटायचं.

"दोन महिन्यांपूर्वी एकाने मेसेज केला होता," ती ताटाकडे बघत म्हणाली. "त्या नावाने. मराठीत. क्लास कसा चाललाय म्हणे. मला वाटलं, आपल्यातलाच कुणी दादा असेल. चार दिवस बोलले. मग फोटो मागितला, आईला सांगू नकोस म्हणाला. मी ब्लॉक केलं."

कोलकात्यात हे नाव फक्त घरात चालतं, म्हणून तर तिने विश्वास ठेवला. अनोळखी माणसाच्या हाती ते मीच दिलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच. शांत सुराची एवढीच माझी मजल.

"तू फोन काढून घेतला असतास."

घेतलाच असता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

संभाषण अजून तिच्या फोनमध्ये होतं. आम्ही दोघींनी मिळून स्क्रीनशॉट काढले, त्या अकाउंटची तक्रार केली, समुपदेशक बाईंनाही कळवलं. मग मी माझं अकाउंट प्रायव्हेट केलं आणि तिचा एकेक फोटो तिला विचारून काढून टाकला. बरेच काढून टाकावे लागले. शेवटच्या स्लाइडवर तिने सांगितलं तेच लिहिलं: 'मुलांनी सांगितलं, तर आधी ऐका. फोन हिसकावू नका.'

पोस्टचं फार कौतुक झालं. किती समजूतदार सूर आहे, असं एका आईने लिहिलं.

पोस्ट टाकली त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून लेकीला नेहमीसारखी हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली.

"आई, त्या नावाने नको ना बोलावूस."

आता घरातही मी तिला हजेरीपटावरच्या नावानेच हाक मारते.