पुसलेला मंगळ

शेजारच्या मुलीविषयी लिहायला बसलो खरा, पण मला तिची माहिती ती किती? दातांच्या कवळ्या बनवायची, जिन्यात भेटली की बाजूला सरून वाट द्यायची, एवढीच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून पत्र वाचायला त्यांनी मला बोलावलं. स्थळाकडच्या मुलाने स्वतः लिहिलं होतं. मुलगी पाहून गेल्यावर घरचे खूश होते आणि त्यालाही ती मनापासून आवडली होती. गुण छत्तीसपैकी चोवीस जुळत होते. ‘पण मला आठव्या स्थानी मंगळ आहे, आपल्या कन्येला तो नाही. अशा जोडीत तिच्या जिवाला धोका, असं आमचे गुरुजी सांगतात. दोघांना मंगळ असता तर प्रश्नच नव्हता. दोष माझ्याकडचा आहे, तिला कुणी बोल लावू नये.’ सोबत तिचा फोटो आणि पत्रिका परत.

“अगं बाई!” तिच्या आईने कपाळाला हात लावला. “हिलाही मंगळ आहे की!”

सगळे तिच्या काकाकडे बघू लागले. दोन स्थळं मंगळामुळे परत गेल्यावर त्यानेच जन्मवेळ तासभर मागे ओढून पत्रिका नव्याने करून आणली होती. लग्नरास बदलली आणि मंगळ आठव्या घरातून नवव्यात गेला.

“मला काय स्वप्न पडलं होतं, त्यालाही मंगळ असेल म्हणून?” काका म्हणाला. “त्यांनी त्याची पत्रिका दाखवली होती का?”

“मग आता खरी पाठवा,” मुलगी म्हणाली.

“आणि सांगू काय? आधीची खोटी होती? तोंडाला काळं फासून घेऊ?” वडील ओरडले.

काकाने बशीत चहा ओतला आणि फुरके मारत प्यायला. मला त्या आवाजाची किळस आली. पोरीचं लग्न मोडत होतं आणि हे स्वतःचं नाक सांभाळत होते.

शेवटी तिनेच खरी पत्रिका पाठवली, झालेलं सगळं लिहून. मुलाच्या आईचा फोन आला, “वेळ बदलणाऱ्या घरात आम्हाला सोयरीक नको.” मुलगा फोनवर आलाच नाही. इतकं गोड पत्र लिहिणारा! त्याचीही शिसारी आली मला.

घरात तिचं बोलणं तुटलं. पुढे दुसऱ्या गावच्या दवाखान्यात काम मिळालं, तशी ती निघाली. बॅग घेऊन जिन्यात भेटली. काहीतरी बरं बोलावं असं वाटलं, तोवर तीच म्हणाली,

“आजोबा, खालचं दार लोटून घ्याल? मांजर आत येतं.”

“घेतो,” मी म्हणालो.