दुष्काळात चढलेलं अंग

त्या दुष्काळात जनावरांच्या बरगड्या दिसत होत्या आणि माझ्या शर्टाची बटणं तटतटत होती. दूध संघाच्या बैठकीत त्यावरून टोमणे ठरलेले. दुधाचा भाव ठरायच्या वेळी माझा डोळा लागला, तर बाकीचे संचालक हसत बसले. कुणी उठवलं नाही. जागा असतो तर तो पडेल भाव मी होऊ दिला नसता.

"दुष्काळ जनावरायला हाय बे, संचालकाला न्हाई," एक जण म्हणाला. "बघा की, कसा सुखानं घोरतोय!"

सुखानं! आमच्याकडे घोरणारा माणूस सुखी आणि अंगानं सुटलेला माणूस खात्यापित्या घरचा. या समजुतीनं मला खड्ड्यात घातलं. गावातल्या डॉक्टरचं एकच पालुपद, भात सोडा. सोडला. तरी वजन चढतच गेलं. झोप कशी लागते, हे त्यानं कधी विचारलं नाही.

मग एका दुपारी लिंबागणेशहून गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही दोघं नवराबायको जीपनं परतत होतो. मांजरसुंब्याच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून खाली उतरली. बायकोनं स्टिअरिंग ओढलं म्हणून झाड चुकलं. गाडी चालवता चालवता मला डुलकी लागली होती.

"बीडला मोठ्या डॉक्टरकडं चला," ती म्हणाली. "न्हाईतर मी एसटीनं जाते. तुमच्या गाडीत न्हाई बसायची."

बीडच्या डॉक्टरांनी मला सोडून तिलाच माझ्या झोपेबद्दल विचारलं. ती सुरू झाली, "आवो, लई घोरतेत. मंग श्वासच थांबतो. मी हलवायला जाते, तवर हिसका देऊन पुन्हा सुरू."

मी खवळलो. "हे मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की! तुमी म्हणलात, बाईमाणसाला भास होतेत."

घरी झोप तपासायचं एक यंत्र अंगाला बांधून झोपलो. तपासणीत निघालं, झोपेत श्वास वारंवार अडतो. डॉक्टर म्हणाले, गळ्याभोवती चरबी वाढली की श्वासाची वाट अरुंद होते. श्वास अडला की झोप मोडते. मोडक्या झोपेनं दुसऱ्या दिवशी भूक वाढते, अंग हलत नाही, वजन आणखी चढतं. मग वाट आणखी अरुंद. रक्तदाबही वाढलेला होताच. वजन वाढतंय आणि घोरणंही वाढतंय, तर तेव्हाच तपासायला हवं होतं, असं ते म्हणाले.

त्यांनी दोन उपाय सांगितले, रात्री नाकावर मुखवटा लावून हवा सोडणारं यंत्र आणि वजन उतरवणं. मी सौद्याला बसलो. "एक काहीतरी सांगा. मुखवट्याचं यंत्र लावतो, नाहीतर वजन उतरवतो."

"दोन्ही. यंत्र श्वासाची वाट उघडी ठेवेल, वजन आपोआप उतरवणार नाही. आणि झोप सुधारून मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही."

"दिवसा तरी?"

"डुलकी दिवसाच लागली ना?"

बाजारात मी कुणाला असं अडून बसू दिलं नाही. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. डॉक्टर ढिम्म. बायकोनं माझ्यापुढे तळवा पसरला.

"चावी."

संतापानं कानशिलं तापली होती. तरी चावी तिच्या हातात ठेवली.