सोनाराचे शेकडा दोन

सांगलीतलं माझं फर्निचरचं दुकान लाकडापेक्षा कर्जावरच जास्त उभं होतं. सगळे हप्ते भरून महिन्याला वर पाच हजार उरायचे. जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडायचं म्हणून मी तक्ता मांडला, असा की अर्थमंत्र्यांनी येऊन बघावा: पतसंस्था पंधरा टक्के, बँक अकरा, तळाला सोनार दोन. त्याच्याकडे बायकोच्या बांगड्या गहाण होत्या.

तिनं तक्ता वाचला.

“आवं, सोनाराचं शेकडा दोन महिन्याला हाय. वर्साला चोवीस झालं की! आन् माझ्या बांगड्या शेवटाला व्हय?”

माझी ऐट उतरली. खोडून सोनार सगळ्यात वर घेतला, वरचे पाच हजार त्याच्यापुढं लिहिले. तरी बांगड्या सुटायला वर्ष लागणार होतं. तिनं मोकळ्या मनगटांवर पदर ओढला.