सेन्सरची आरती

मूल गावच्या राईस मिलमध्ये उर्वशीची इंटर्नशिप चालू होती. तिने आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डाला तापमानाचा सेन्सर जोडून तो धानाच्या गोदामात टांगला. दर पाच सेकंदांनी आकडा लॅपटॉपच्या फाईलमध्ये जमा होई. पण रोज सकाळी तो अचानक चढे आणि उतरे.

फाईल तपासायला मिलमध्ये आलेले कॉलेजचे सर भडकले. "मनानेच आकडे भरलेस! नापास करतो."

मिलमालक गुणवंतराव, देवभोळेपणात तालुक्यात पहिले, मध्ये पडले.

"पोरीले काऊन रागावता, सर? नवीन मशीन आली, मी तिची रोज आरती करतो ना!"

त्यांनी कापूर पेटवून ताट सेन्सरखाली ओवाळलं. पडद्यावर एकतीस, छत्तीस, बेचाळीस! ताट हटताच आकडे उतरू लागले.

सरांनी उर्वशीच्या अहवालावर सही केली. गुणवंतरावांनी नारळ फोडला, यावेळी सेन्सरपासून लांब.