आता तू बोल

मांडीवर आठ थापा मारायच्या, नवव्याला हात वर धरायचा आणि माझ्या क्लॅरिनेटकडे बघून म्हणायचं, "थांबला माझा शबूद. आता तू बोल." ही त्याची रीत.

दिवसा वडखळकडच्या मिठागरात काम, संध्याकाळी पेणला आमच्या मंडळासाठी गाणी लिहायची. पाठ्यपुस्तकात शोभणार नाही असा हा कवी तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. बायको वारल्यावर वर्षभर त्याने वही उघडली नव्हती. नव्वदच्या दशकात रोह्याच्या कोळीगीत स्पर्धेसाठी उघडली, तर कडव्यात ओळी तीनच.

भरती आली गो,
होडी आली गो,
तू कवा?

पहिल्या दोन ओळींनंतर चार-चार मात्रा मोकळ्या. 'तू कवा'नंतर सोळा, म्हणजे आठ मात्रांच्या केरव्याची दोन पुरी आवर्तनं. शेवट मुद्दाम 'वा'वर. गाणाऱ्याने तो आकार जरा लांबवून थांबायचं, त्याच सुरावर मी आत शिरायचं, ढोलकीने नुसती हलकी थाप धरायची.

"आन सा वर येऊ नको," त्याने मला बजावलं. "सा म्हंजी घरी आल्यासारखा वाटतो. ती आली नाय ना."

आम्ही वरातीतले बँडवाले. शेवटी सा वर उतरल्याशिवाय आमचा श्वास सुटत नाही. तालमीत दर वेळी माझी बोटं तिथेच जायची आणि मी शिव्या खायचो.

आमचा गाणारा वेगळाच घाबरला होता. "सोला मात्रा गप ऱ्हायलो तर पब्लिक शिट्ट्या मारंल. थितं 'माझी रानी गो' टाकू."

"टाक. पन मंग माझी वही बंद. परत उघडनार नाय."

तो थट्टा करत नव्हता. एसटीतून रोह्याला जाताना गाणारा सोळा मात्रा बोटांवर मोजत होता.

शेवटचं कडवं आलं. 'तू कवा?' मी सूर उचलला. चौथ्या मात्रेला मागून शिट्टी आली. सहाव्याला दुसरी. गाणाऱ्याने तोंड उघडलं, 'माझी'चा 'मा' ओठांवर आलेला मला दिसला. बाजूच्या पडद्याजवळ आमचा कवी उभा, हात वर धरलेला. गाणाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

उरलेल्या मात्रा माझ्या एकट्याच्या. घामाने बोटं सरकत होती. सा खुणावत होता. मी एक पायरी आधी, नी वर थांबलो आणि फुंक सोडली. ढोलकीही थांबली.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "नाय गो आली ती."

ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग कोणी शिट्टी मारली नाही.

नंबर काही आला नाही. परतताना त्याने एसटीतच वही उघडली, आणि पुढची कितीतरी वर्षं ती मिटली नाही. ओळी मात्र आखूडच होत गेल्या. मी विचारलं की "तुझ्या क्लॅरिनेटला काम नको का?" म्हणायचा.

तो गेला तेव्हा बाराव्याला मंडळाने तेच गाणं म्हटलं. 'तू कवा?' झालं, गाणारा थांबला, मी सोळा मात्रा वाजवल्या. आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, सा वर आलो.