गोजरबाईंचा लास्ट सीन

गोजरबाई पत्रिका बघत नसत, लास्ट सीन बघत. शेवगावात बसून आसपासच्या तालुक्यांतली लग्नं जमवणाऱ्या या बाईंचं शास्त्र अगदी सोपं होतं. स्थळ आलं की पोराचा नंबर सेव्ह करायचा आणि तो व्हॉट्सॲपवर शेवटचा कधी होता, यावर पुढचे काही आठवडे गुपचूप पाळत ठेवायची. रात्री दहाला बंद आणि पहाटे पाचला सुरू, म्हणजे पोरगं गोठ्यात जातं, पास. रात्री दोनला जागं, म्हणजे जुगार, नाहीतर लफडं, नापास. बायोडाटातली एकरं फुगवता येतात, लास्ट सीन कोण फुगवणार?

नेवाशाचा समर्थ या परीक्षेत पहिला आला होता, आणि त्याला त्यांनी खुद्द आपल्या भाचीसाठी, राजनंदिनीसाठी, निवडलं होतं. भाऊ गेल्यापासून पोरगी त्यांच्याच घरी वाढली. शंभर लग्नं जमवली तरी हे एक चुकायला नको, या धास्तीनं बाईंना झोप लागत नसे.

पण पाळत ठेवणाऱ्यावरही पाळत असते. पोरांच्या आया फोन करून विचारत, "बाई, तुमी ऑनलाईन हुत्या, मग उत्तर का न्हाई दिलं?" जो उठेल तो न विचारता लग्नाच्या ग्रुपात घाली आणि दिवसभर हळदीचे फोटो येत. त्यात एका सासऱ्यानं जुना मेसेजच पुढं धरला, "हे बघा, तुमीच लिवलंय, पोरगा सुपारी बी खात न्हाई!"

झालं. एका दुपारी बाई चष्मा लावून व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत शिरल्या. लास्ट सीन, नोबडी. फोटोही नोबडी, उगाच दृष्ट नको. ग्रुपच्या खान्यात नोबडी सापडेना, तेव्हा त्यांनी 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' दाबून झाडून सगळ्या नावांवर टिक मारली. शेवटी मेसेज एका दिवसात आपोआप पुसले जायची सोय सगळ्या चॅटना लावून दिली. ती सोय फक्त पुढच्या मेसेजना लागते, सुपारीचा पुरावा जागच्या जागीच होता, पण बाई खूश होत्या.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी समर्थचं चॅट उघडलं. नावाखाली काहीच नाही! लास्ट सीन गायब. घाबरून दुसरी दोन-चार पोरं तपासली. तीही कोरी.

"आगं बया! समदा जिल्हाच एका रातीत बिघडला!" बाई ओरडल्या. "झाकतोय म्हंजी पाणी मुरतंय. हे लगीन व्हनार न्हाई."

"आत्या, असं काय करते गं? त्याला विचार तरी!" राजनंदिनीचा चेहरा पडला. तिनं दुपारचं ताट तसंच सरकवलं. ते काही बाईंना बघवलं नाही. जाब विचारायला त्या एसटीनं नेवाशाला गेल्या.

तिथं समर्थची आई, साळूबाई, कंबर कसून उभीच होती. पाणी विचारायच्या आधी तिनं तोंड सोडलं.

"या विहीनबाई! आमाला ब्लॉक करून वर आमच्याच दारात? तुमचा फोटू गेला, लास्ट सीन गेला. लग्नाच्या ग्रुपात घ्यावं तर तुमाला घेताच येईना. आन् वर चॅटमदी लिवून आलंय, तुमी मेसेज पुसायची सोय चालू केली म्हनून! कंचं तालेवार स्थळ गाठलंय, सांगा तरी!"

"मी? आवं, तुमच्या पोरानं लास्ट सीन झाकलाय, त्याचं आदी बोला!"

समर्थनं आपला मोबाईल दाखवला. लास्ट सीन, एव्हरीवन. मग त्यानं बाईंचा मोबाईल मागून घेतला, प्रायव्हसी उघडली आणि त्याला हसू आवरेना.

"आत्या, आपन आपला लास्ट सीन झाकला, की दुसऱ्याचा बी दिसत न्हाई. तुमी आमचा न्हाई, सोताचाच डोळा झाकला."

साळूबाई खो खो हसत सुटली. बाईही ओशाळून हसल्या, पण आतून त्यांना रडू येण्याइतकं हायसं वाटलं. समर्थनं सगळं पूर्ववत करून दिलं. त्याच क्षणी बाईंची लग्नाच्या ग्रुपात भरती झाली आणि साळूबाईनं शेजारी बसून गुलाबाच्या फुलांचे सात मेसेज पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सवयीनं मोबाईल उघडला. समर्थचा लास्ट सीन दिसत होता: रात्री पावणेदोन. नापास! मग कसलीशी शंका येऊन त्यांनी राजनंदिनीचं चॅट उघडलं. तिथंही रात्री पावणेदोन.

बाईंनी स्वयंपाकघरात डोकावलं. डोळे सुजलेली, जांभया देणारी पोरगी कणीक मळता मळता आपल्याशीच हसत होती. बाप गेल्यापासून ती अशी हसलेली त्यांनी पाहिली नव्हती.

गोजरबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा प्रायव्हसीत गेल्या आणि स्वतःचा लास्ट सीन नोबडी करून टाकला.