ट्यूबलाइटवर धरलेली फिल्म

मंगळवार, सकाळी साडेनऊ. हजर: मी, एक्स-रे काढणारी; आमचे हाडांचे डॉक्टर; शेजारच्या कारखान्याचे सेफ्टी साहेब; आणि प्रेस मशीनवरचा कामगार, उजवं मनगट रुमालात बांधलेला. कारखान्याचे डॉक्टर फोनवर. माझ्या वहीत अशीच नोंद आहे.

बजाजनगरच्या आमच्या दवाखान्यात तो कामगार आदल्या दिवशी आला होता. मशीनजवळ पाय घसरला म्हणून हात टेकवून पडलेला. मी एक्स-रे काढले, फिल्म छापली. आमचे डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी होते. त्याच्यासोबत आलेल्या सेफ्टी साहेबांनी फिल्म ट्यूबलाइटवर धरायला सांगितली, मी दोन्ही हातांनी धरली, त्यांनी मोबाइलवर फोटो काढून आपल्या डॉक्टरांना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: फ्रॅक्चर नाही, उद्यापासून ड्युटी. कारखान्यात 'ड्युटीस योग्य' असा दाखलाही झाला. फिल्म धरणारे हात माझे होते, हे आधी लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवर न जाता आमच्याकडे आला. मूळचा वैजापूरकडचा, घरी मेंढरं.

"मॅडम, अंगठ्याच्या बुडाशी लई कळ मारतीय. फोटोत काय नाय म्हणं. कामाला नाय गेलो तर काढून टाकतेत. खरं सांगा, मोडलंय का नाय?"

सांगणं माझ्या अधिकारात नाही. पण संगणकातली मूळ प्रतिमा आमच्या डॉक्टरांसमोर उघडणं आहे. उघडली. मनगटातलं ते छोटं, नावेच्या आकाराचं हाड मोठं केलं, मी उजेड-काळोखाचं प्रमाण बदलत गेले. एका टप्प्यावर हाडाच्या कमरेला केसाएवढी काळी रेघ उठून आली. डॉक्टरांनी अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, तर तो खुर्चीतून उठलाच.

तेवढ्यात सेफ्टी साहेब त्याला न्यायला आले. "मॅडम, कालच्या फोटोत तर सगळं क्लिअर होतं."

"क्लिअर होती ती ट्यूबलाइट, साहेब."

त्यांनी फोन स्पीकरवर लावला. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, "वीस वर्षं फिल्म बघतोय मी."

"सर, काल तुम्ही फिल्म बघितलीच नाही. तिचा फोटो बघितला."

आमच्या डॉक्टरांनी हळूच सुचवलं, "दुसरा चांगला फोटो पाठवा ना. वाद कशाला?"

"नाही पाठवणार," मी म्हणाले. आवाज चढला असेल. चढू दे.

मी हे काम शिकले तेव्हा शहरात विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघायचे, वाळूजला नवनवे कारखाने उभे राहत होते आणि आम्ही अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन वाळत घालायचो. तेव्हा फिल्म हीच मूळ असायची. ती सवय आमच्या लाइनीतून गेलीच नाही. अजूनही सगळे 'ओरिजिनल फिल्म' म्हणतात. आता मूळ संगणकात असतं. त्यात करड्याच्या चार हजारांच्या आसपास छटा. छापताना आपण उजेडाचं एकच प्रमाण ठरवतो आणि फिल्म तिथंच गोठते. तिचा फोटो काढला की मोबाइल प्रत्येक रंगाच्या दोनशे छप्पन पायऱ्यांत ते बसवतो. ट्यूबचा उजेड मध्ये जास्त, कडेला कमी. वर खोलीची चमक. कॅमेरा आपल्या मनानं डाग पुसतो, आणि पाठवताना फोटो पुन्हा दाबून लहान होतो. केसाएवढी रेघ यातच जाते. मग फोटो कितीही मोठा करा, जे आलंच नाही ते दिसणार कुठून?

हे सगळं मी फोनवर सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "ठीक आहे, मग स्क्रीनचा फोटो पाठवा."

"सर, मूळ फाइल पेनड्राइव्हवर देते, बघायच्या प्रोग्रामसह. नाहीतर तुम्ही इथं या. फोटो मिळणार नाही."

सेफ्टी साहेब म्हणाले, "मॅडम, एवढं ताणता?"

"मनगट यांचं आहे, साहेब. फोटो तुमचा."

कामगार तेवढ्यात पहिल्यांदा हसला.

दुपारी कारखान्याचे डॉक्टर स्वतः आले. माउस हातात घेऊन त्यांनी तेच हाड उजळलं, काळं केलं, पुन्हा उजळलं. मग म्हणाले, "हं. रेघ आहे." प्लास्टर झालं, सुट्टीचा कागद झाला. कामगार बाहेर पडताना म्हणाला, "आता काढून टाकत नाय ना?" मी म्हणाले, "या कागदावर तरी नाही."

त्याच दिवशी मी एक्स-रेच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला: फिल्मचा फोटो निदानासाठी दिला जाणार नाही, मूळ फाइल मिळेल. आमच्या डॉक्टरांनी तो वाचला आणि काढला नाही.

पण कारखान्याच्या फाइलमध्ये आदल्या दिवशीचा 'ड्युटीस योग्य' हा दाखला तसाच आहे. नवा कागद त्याच्यावर लावलाय, जुन्यावर 'रद्द' लिहिलेलं नाही. तो रद्द करा म्हणून कारखान्याला दोनदा पत्र दिलं. तिसरं टाइप करून ठेवलंय, आमच्या डॉक्टरांची सही व्हायची आहे.